तिसऱ्या, कुर्ल्या आणि शिल्लक : मोठ्या माणसाला जोडाक्षरं वाचायला शिकवताना

मालवणजवळच्या एका गावात मासे विकणाऱ्या एका मावशींना आम्ही दोघी संध्याकाळी वाचायला शिकवत होतो. वय बावन्न. मुळाक्षरं आणि बाराखडी झाली होती. ‘बांगडा’, ‘पापलेट’, ‘सुरमई’, ‘देवगड’ हे शब्द त्या बोट न ठेवता वाचत. मग बचत गटाची वही उघडली आणि पहिल्याच ओळीला गाडं अडलं. शब्द होता ‘शिल्लक’. मावशींनी वाचलं, “शि-ल-ल-क.” आणि आमच्याकडे बघत राहिल्या, कारण असा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. शिल्लक किती राहिली हे मात्र दर महिन्याच्या बैठकीत त्याच सगळ्यांना विचारतात.

जोडाक्षराशी अडलेला माणूस तीन तऱ्हांनी चुकतो आणि तिन्हींचा अर्थ वेगळा असतो. ‘शिललक’ असं वाचलं, तर अर्धा ल हा ल आहे हे ओळखलंय, तो अर्धा आहे हे कळलेलं नाही. ही चांगली चूक, इथून पुढचा रस्ता जवळचा. ‘शिलक’ असं वाचलं, तर अर्धं अक्षर गळून गेलंय. आणि ‘शि’ म्हणून माणूस नुसताच थांबला, तर ती अर्धी आकृती कोणत्या अक्षराची हेच त्याला उमगलेलं नाही. कोणती चूक किती वेळा होते याची आम्ही वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून नोंद ठेवली. दोन संध्याकाळींत दिसलं की मावशींची दुसरी चूक बरीच होतेय, आणि तीही छापील मजकुरातच. फळ्यावर ती होत नव्हती.

म्हणजे अडचण डोळ्यांची होती. पन्नाशीनंतर जवळचं धूसर दिसतं, पण न वाचणाऱ्या माणसाला ते कळायची वेळच येत नाही; मासे साफ करायला तेवढी नजर पुरते. मुळाक्षरं मोठी असतात, ती निभावून जातात. जोडाक्षरांचं सगळं मर्म मात्र बारीक खुणांत असतं. रफार, पाय मोडल्याची खूण, पायातली तिरकी रेघ, या खुणा ज्वारीच्या दाण्याहून लहान. तपासून जवळचा चष्मा आणला आणि ‘शिलक’ची चूक एका आठवड्यात जवळपास थांबली. प्रौढ माणूस जोडाक्षरात अक्षर गाळत असेल, तर शिकवण्याची पद्धत बदलण्याआधी चष्मा आणि दिवा बघावा.

त्यानंतरचं काम आम्ही सात आठवडे केलं. आठवड्यातून चार संध्याकाळी, प्रत्येक वेळी चाळीस मिनिटं. पहिल्या दोन बैठकांत कागद घेतलाच नाही, नुसता कान. ‘आता’ आणि ‘आत्ता’ हे दोन शब्द मावशी रोज बोलतात आणि त्यांतला फरक त्यांना पक्का माहीत आहे. फक्त तो फरक तोंडात कुठे होतो, याकडे त्यांनी कधी लक्ष दिलेलं नव्हतं. रिकामे शिंपले घेतले आणि शब्द म्हणताना प्रत्येक ठोक्याला एक शिंपला मांडायला सांगितला. ‘आता’ला दोन शिंपले. ‘आत्ता’लाही दोनच. मग विचारलं, पहिला शिंपला ठेवल्यावर जीभ कुठे असते? त्यांनी दोन-तीनदा म्हणून बघितलं. “दातांक चिकटली,” त्या म्हणाल्या. ही चिकटून थांबलेली जीभ म्हणजेच अर्धा त. आवाज बाहेर यायच्या आधी तोंड त्या अक्षराच्या जागी जाऊन थांबतं, आणि जोडाक्षर म्हणजे हे थांबणं कागदावर दाखवायची खूण, एवढंच सांगितलं. ‘हप्ता’त ओठ मिटून थांबतात, ‘रस्ता’त स वर हवा सुटत राहते, ‘धक्का’ म्हणताना घसा अडतो. अशा वीसेक शब्दांत मावशी कुठे थांबतात ते त्यांनीच सांगितलं.

इथे आम्ही एक निर्णय घेतला, तो पुढे फार उपयोगी पडला. सुरुवातीला सगळी जोडाक्षरं शब्दाच्या मधली घेतली. ‘प्याला’, ‘ग्लास’ अशा शब्दांनी सुरुवात करावीशी वाटते, कारण जोडाक्षर पहिलंच असतं आणि चटकन दिसतं. पण शब्दाच्या सुरुवातीच्या अर्ध्या अक्षराला टेकायला मागे काही नसतं. शब्दाच्या मध्ये ते आधीच्या अक्षराला टेकून उभं राहतं. हप्‌ आणि ता, शिल्‌ आणि लक, रस्‌ आणि ता. वाचताना बोटाने पुढचं अक्षर झाकायचं, अर्धं अक्षर मागच्याला चिकटवून ‘हप्‌’ असं थांबायचं, मग बोट काढून ‘ता’ म्हणायचं. लिहिताना अर्धं अक्षर पुढच्या अक्षराला जोडतात, तोंड मात्र ते मागच्याला जोडतं. ही विसंगती उघड सांगितली नाही, तर शिकणारा माणूस पानावर जसं दिसतं तसंच, ‘ह’ आणि मग ‘प्ता’ असं म्हणायला जातो आणि अडखळतो.

कागदावर आलो ते घडीच्या पत्त्यांनी. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू वापरल्या, कारण जाड कागद घडीला टिकतो. चार इंच उंचीचा पत्ता, त्यावर जाड पेनाने एक अक्षर, उभा दंड पत्त्याच्या अगदी उजव्या कडेला, शेवटच्या अर्ध्या इंचात. ती अर्ध्या इंचाची पट्टी मागे दुमडली की दंड नाहीसा होतो आणि समोर उरतं ते अर्धं अक्षर. त्याला पुढच्या अक्षराचा पत्ता लावला की जोडाक्षर तयार. डोक्यावरची रेघ दोन्ही पत्त्यांवर एकाच उंचीवर हवी, नाहीतर जोड दिसत नाही. आमचे पहिले दहा पत्ते याच कारणाने वाया गेले. प, स, ल, न, म, च, व, ग या अक्षरांना ही घडी चांगली बसते. मावशींनी प ची पट्टी दुमडली, त्याच्यापुढे ‘ता’ ठेवला, परत घडी उघडली, परत मिटली. “उघडलो काय पुरो, मिटलो काय अर्धो,” असं म्हणाल्या. घडी स्वतःच्या हाताने घातल्यामुळे तो अर्धा तुकडा प चाच आहे, हे वेगळं पाठ करावं लागलं नाही. ‘शि’ म्हणून थांबणारी तिसरी चूक यानंतर क्वचितच झाली.

पहिल्या आठवड्याचे शब्द सहा होते: हप्ता, रस्ता, शिल्लक, जन्म, पुन्हा, सप्ताह. ‘आत्ता’ कानासाठी उत्तम, पण कागदावर पहिल्या आठवड्यात टाळलेला बरा. त्त बऱ्याच छपाईत एकजीव होऊन एक आडवी रेघ वाढल्यासारखा दिसतो, आणि घडीच्या पत्त्याशी ते रूप जुळत नाही.

‘पुन्हा’मुळे दुसरी गोष्ट कळली. न्ह, म्ह, ल्ह, व्ह यांच्यात मावशींना थांबा ऐकूच येईना. ते बरोबरच होतं, कारण मराठी बोलणारा माणूस म्ह हा एकच आवाज काढतो, ख किंवा भ काढावा तसा. मालवणीत ‘म्हावरां’, ‘म्हणान’, ‘व्हयां’, ‘न्हय’ असे शब्द क्षणोक्षणी येतात. त्यांना म् अधिक ह असं फोडून दाखवलं, तेव्हा त्या ‘म-हावरां’ म्हणायला लागल्या, म्हणजे येत असलेलं बिघडलं. दुसऱ्या दिवशी ही चार रूपं आम्ही वेगळ्या पत्त्यांवर, अखंड अक्षर म्हणून लिहिली आणि बाराखडीच्या शेवटी ठेवून दिली. फोड नाही, घडी नाही. एका बैठकीत काम झालं.

दुसऱ्या आठवड्यात दंड मध्ये असलेला क आला. त्याची घडी घालता येत नाही. उजवीकडचा आकडा आखूड करून पुढच्या अक्षराला टेकवायचा. ‘धक्का’ हा शब्द बंदरावरच्या धक्क्यामुळे रोजचा, आणि ‘रक्कम’ वहीत प्रत्येक पानावर. ज्यांना दंडच नाही, त्या ट, ठ, ड, द, ह यांच्यावर मात्र नियम शिकवत बसलो नाही. यांची दोन रूपं भेटतात. कधी पाय मोडून अक्षरं शेजारी ठेवतात, कधी एकाखाली एक रचतात. देवळाच्या जुन्या पाटीवर ‘विठ्ठल’मधला दुसरा ठ पहिल्याच्या पोटाखाली आहे, आणि हस्तपत्रकावर तोच शेजारी. दोन्ही रूपं एकाच पत्त्याच्या दोन बाजूंना लिहिली आणि पत्ता उलटसुलट करून वाचायला दिला. ‘उद्या’ मात्र आख्खा शब्दच ओळखीचा करून घेतला. द्य मध्ये य इतका आत शिरतो की फोड दाखवून उपयोग नाही, आणि ‘उद्या’ हा शब्द इतका लागतो की तो एकदा डोळ्यांत बसला की विद्या, वाद्य आपोआप सुटतात. क्ष आणि ज्ञ हेही असेच, मुळाक्षरांसारखे दिले.

तिसऱ्या आठवड्यापासून र सुरू झाला आणि सातांपैकी जवळजवळ तीन आठवडे त्यानेच खाल्ले.

त्याचं कारण सोपं आहे. बाकीच्या अक्षरांचा अर्धा तुकडा मूळ अक्षरासारखा दिसतो, र चा दिसत नाही. शिवाय तो आपली जागा सोडून दुसऱ्याच्या डोक्यावर नाहीतर पायात जाऊन बसतो. आम्ही एकच वाक्य दिलं: र आधी बोलला तर डोक्यावर, नंतर बोलला तर पायात. ‘वेंगुर्ला’त र ल च्या आधी, म्हणून डोक्यावर. ‘क्रमांक’मध्ये क आधी आणि र नंतर, म्हणून पायात. पायातला र लवकर आला: ग्रामपंचायत, प्रवासी, चक्र. ट ला दंड नसल्यामुळे तिरकी रेघ टेकायला जागा नाही, म्हणून तिथे र खाली दोन टेकूंसारखा उभा राहतो, हे ‘ट्रॉलर’ शब्दावर दाखवलं. ‘महाराष्ट्र’ तर एसटीवर रोज दिसायचाच.

रफाराने मात्र घोळ घातला. मावशी ‘वेंगुर्ला’ हा शब्द ‘वेंगुलार’ असा वाचत, आणि तेही दर वेळी. एरवी बरोबर वाचणारा माणूस एकाच जागी एकसारखा चुकतो, तेव्हा त्याला नियम सापडलेला असतो, फक्त तो चुकीचा असतो. छपाईत ‘र्ला’मधला रफार ल च्या डोक्यावर नसतो, त्याच्या पुढच्या काना च्या डोक्यावर, अगदी उजव्या टोकाला असतो. मावशी डावीकडून उजवीकडे जसं दिसेल तसं वाचत होत्या. आधी ल, मग काना, मग र. त्यांच्या हिशेबाने त्या अचूक होत्या.

यावर असं केलं. पारदर्शक प्लास्टिकची पट्टी घेऊन तिच्यावर लाल रंगाने फक्त रफार काढला. खाली कागदावर ‘वेंगु’, मग जागा सोडून ‘ला’ असं मोठं लिहिलं. सोडलेल्या जागेत पाय मोडलेला र काढला आणि ‘वेंगुर्‌-ला’ असं वाचून घेतलं. मग तो र खोडला, पट्टी ठेवली आणि लाल रफार त्या मोकळ्या जागेवरून सरकवत ला च्या टोकापर्यंत नेला. परत मागे, परत पुढे. र निघाला कुठून आणि जाऊन बसला कुठे, हे डोळ्यांसमोर घडताना दिसलं. वाचायची सवय अशी लावली: अक्षर म्हणण्याआधी एक नजर डोक्यावर टाकायची. रफार दिसला की तो आधीच्या अक्षराला चिकटवायचा, मग पुढचं म्हणायचं. हर्णै, पूर्णगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, श्रीवर्धन. किनाऱ्यावरच्या गावांची आणि किल्ल्यांची नावं रफाराच्या सरावासाठीच जणू ठेवली आहेत. नऊ बैठकांनंतर ‘वेंगुलार’ थांबलं.

त्यात वेलांटी आली की अवघडपणाची हद्द होते. ‘पौर्णिमा’ शब्द घ्या. पानावर ‘पौ’नंतर आधी वेलांटी दिसते, मग ण, मग ण च्या डोक्यावर रफार. तोंडातला क्रम याच्या बरोबर उलटा: आधी र, मग ण, मग इ. पानावर जे सगळ्यात शेवटी, ते तोंडात सगळ्यात आधी. हा शब्द आम्ही तीन रंगांत लिहिला आणि रंगांच्या पेन्सिली बोलायच्या क्रमाने मावशींच्या हातात दिल्या. त्यांनी लाल पेन्सिल रफाराला लावली, हिरवी ण ला, निळी वेलांटीला. नारळी पौर्णिमा जवळ आली होती, त्यामुळे शब्द आठवडाभर सगळीकडे लावलेला होता. ‘पश्चिम’मध्येही वेलांटी श च्या आधी दिसते, पण बोलायची ती च च्या नंतर. वेलांटी पूर्ण जोडाक्षराला कुंपण घालते, असं सांगितलं की पुरे होतं.

आता राहिला तो मराठीचा खास र, ‘तिसऱ्या’मधला. हिंदी शिकलेली तरुण मुलंसुद्धा इथे गोंधळतात, कारण हिंदीत हे रूप नाही. मावशींना मात्र तो एका संध्याकाळीत आला, आणि तो आला पाटीतल्या मालामुळे. पाटीत दोन गोष्टी होत्या, कुर्ल्या म्हणजे खेकडे आणि तिसऱ्या म्हणजे खायचे शिंपले. दोन्ही शब्द हळू म्हणायला सांगितले. ‘कुर्‌-ल्या’ म्हणताना कु वर भार येतो आणि जीभ र वर थांबते. ‘तिसऱ्या’ म्हणताना स वर भार येत नाही, जीभ र वरून घसरत पुढे जाते. थांबली तर रफार, घसरली तर आडवा अर्धा र. मग कागदावर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ लिहिलं. एकात होड्या जातात, दुसऱ्या डोंगरात असतात. अक्षरं तीच, फरक एका खुणेचा आणि पहिल्या अक्षरावरच्या भाराचा. मावशींनी दोन्ही शब्द सात-आठदा म्हटले, आणि मग आम्ही नुसतं बोललेलं ऐकून त्या बरोबर कागदावर बोट ठेवायला लागल्या.

हा र कुठून येतो हेही शब्दांच्या रूपांवरून दाखवता येतं. किनारा, किनाऱ्यावर. वारा, वाऱ्याने. खारं, खाऱ्या पाण्यात. शेवटी रा, री, रं असलेला शब्द बदलला की हा र हजर होतो. सूर्य, कार्य यांत तसं काही बदललेलं नसतं, तिथे रफार.

लिहायला आम्ही पाचव्या आठवड्यापर्यंत लावलं नाही. कारण ‘सुरमई’. मराठीत हा शब्द ‘सुर्मई’सारखा ऐकू येतो, ‘बसला’ हा ‘बस्ला’सारखा आणि ‘करतो’ हा ‘कर्तो’सारखा. थांबा ऐकून जोडाक्षर ओळखायला शिकलेला माणूस लिहायला बसला की इमानदारीने ‘बस्ला’ लिहितो. वाचताना याचा त्रास होत नाही, कारण शब्द माहीत असतो. लिहिताना एक कसोटी दिली: शब्दाचा पहिला तुकडा एकटा उभा राहतो का बघायचं. बस, कर हे एकटे उभे राहतात, म्हणून बसला, करतो, अक्षर पूर्ण. ‘रस्ता’तला ‘रस’ एकटा उभा राहतो खरा, पण रस्त्याचा रसाशी संबंध नाही, म्हणून तिथे जोड. क्रियापदांना ही कसोटी चांगली चालते, ‘सुरमई’सारख्या नावांना चालत नाही. अशी नावं पाठ करावी लागतात आणि आम्ही तसं स्पष्ट सांगितलं.

सातव्या आठवड्यात तपासायचं ठरवलं तेव्हा नेहमीचे शब्द बाजूला ठेवले. एसटीची पाटी मावशी पूर्वीपासून ‘वाचत’ होत्या, गाडीची वेळ आणि चालक बघून. वहीतली ‘शिल्लक’ही जागेवरून ओळखता येते. म्हणून अर्थ नसलेले वीस शब्द केले: मस्पा, लर्डू, तिप्नी, गुऱ्ही, ट्रोक, नर्बिल असे. अंदाजाला जागाच नाही. मावशींनी वीसपैकी चौदा पहिल्या खेपेत बरोबर वाचले. चुकलेल्या सहांपैकी चारांत रफार आणि वेलांटी एकत्र होती; ‘नर्बिल’ त्यांनी ‘नबिर्ल’ असा वाचला. म्हणजे ‘पौर्णिमा’ त्यांना शब्द म्हणून पाठ झाला होता, रचना म्हणून नाही. पुढचे दोन आठवडे आम्ही परत तीन पेन्सिली काढल्या आणि फर्निचर, सर्विस, मार्मिक, वर्णिलेले, वार्षिक असे शब्द घेतले, रोज पाच. नवव्या आठवड्यात अशाच प्रकारचे दहा निरर्थक शब्द दिले, त्यांतले नऊ बरोबर आले. दहावा होता ‘धर्त्यि’. तो आमच्यातल्या एकीलाही दोनदा बघावा लागला, म्हणून यादीतून काढून टाकला.